दारापर्यंत जाऊन परतणारी मुले

जरीपटक्यातून मानकापूरकडे जाताना ऑटोवाल्याला ‘प्रादेशिक मनोरुग्णालय’ असे सांगितले तर तो क्षणभर विचारात पडतो. ‘पागलखाना चौक’ म्हटले की लगेच समजतो. ठाणे, येरवडा, रत्नागिरी आणि नागपूर इथे सरकारची जुनी मनोरुग्णालये आहेत, त्यातले हे आमच्या शेजारचे. पाटीवरचे नाव केव्हाच बदलले, पण चौकाचे नाव लोकांच्या तोंडी तेच राहिले. आमच्या भागातली मुले लहानपणापासून एकमेकांना चिडवताना त्याच चौकाचे नाव घेतात. अशा मुलांना अठराव्या वर्षी कॉलेजात सांगितले जाते की, ‘काही ताण असेल तर समुपदेशकांना भेटा.’ मुलांच्या कानाला त्या वाक्यातून चौकाचेच नाव ऐकू येते.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. दहावीनंतर मुले पांगतात, पण काही जणी ईदला किंवा निकालाच्या दिवशी भेटायला येतात. गेल्या वर्षी अशीच एक जुनी विद्यार्थिनी आली. तिच्या परवानगीने, ओळख पटणार नाही असे तपशील बदलून, तिची हकिकत इथे लिहिते आहे. मुले समुपदेशनाला का जात नाहीत याची सगळी कारणे तिच्या एकटीच्या अनुभवात एकामागून एक सापडली.

ती इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. पहिल्या वर्षी दोन विषय राहिले. घरात ती इंजिनीअरिंगला गेलेली पहिलीच मुलगी, फीसाठी अब्बूंनी कर्ज काढलेले. तिसऱ्या सत्रात तिची झोप गेली. रात्री दोन-अडीचला जाग यायची, छाती धडधडायची, वर्गात शिकवलेले कानावरून निघून जायचे. अम्मीने पाणी दम करून आणले, नजर उतरवली, लवकर झोपायला सांगितले. यात प्रेम होते आणि त्याचा तिला आधारही होता. पण झोप काही येईना.

हे तीन महिने चालले. तोपर्यंत ती समुपदेशकाकडे का गेली नाही, असे मी विचारले. ती म्हणाली, “मिस, मला असं वाटलं की हे काही एवढं मोठं नाही. टेन्शन तर सगळ्यांनाच असतं.”

पहिली अडचण इथेच आहे, आणि ती बदनामीच्याही आधी येते. जगभरच्या विद्यार्थ्यांना विचारले की मदत का घेतली नाही, तर ‘कॉलेजात ताण असायचाच’, ‘माझे मी बघून घेईन’ आणि ‘वेळ नव्हता’ ही उत्तरे पुन्हा पुन्हा येतात. मुलाला आपला त्रास मोजायला मापच नसते. ताप शंभरच्या वर गेला की डॉक्टरकडे जायचे हे घरात प्रत्येकाला ठाऊक असते. झोपेचे, भुकेचे, मन लागण्याचे असे माप कोणी शिकवलेले नसते. मला वाटते कॉलेजने पहिल्याच आठवड्यात साध्या भाषेत एवढे सांगावे: दोन आठवडे सलग झोप किंवा भूक बिघडली, आवडीच्या गोष्टीत मन लागेनासे झाले, अभ्यासाला बसूनही काही डोक्यात शिरेनासे झाले, तर एकदा भेटायला या. आजारी आहात म्हणून नाही, तपासून घ्यायला या. ‘मानसिक आरोग्य जागृती सप्ताह’ असा मोठा फलक लावण्यापेक्षा हे दोन आठवड्यांचे माप जास्त उपयोगी पडेल.

मग एके दिवशी ती कॉलेजातल्या समुपदेशन कक्षापर्यंत गेली. कक्ष तळमजल्यावर प्राचार्यांच्या केबिनला लागून होता. समोरच्या बाकावर फीच्या कामासाठी आलेली मुले बसलेली असायची. दारावर वेळ लिहिली होती, अकरा ते एक. तिचे प्रॅक्टिकल त्याच वेळात. आत टेबलावर एक रजिस्टर उघडे होते. त्यात नाव, रोल नंबर, शाखा आणि ‘भेटीचे कारण’ असे रकाने होते. तिच्या आधीच्या दोन मुलांची नावे आणि कारणे तिला दारातूनच वाचता आली. खुर्चीवर बसलेल्या बाई तिलाच गणित शिकवत होत्या आणि अंतर्गत गुणही त्याच देत होत्या. बाई स्वभावाने चांगल्या होत्या, असे ती आवर्जून म्हणाली. तरीही ती ‘लायब्ररी कुठे आहे’ एवढेच विचारून परत फिरली.

यात त्या मुलीची हिंमत कमी पडली असे म्हणता येत नाही. तिने जे वाचले ते बरोबरच वाचले. जागा, वेळ, रजिस्टर आणि माणूस, या चारही गोष्टी तिला सांगत होत्या की इथे बोललेले इथेच राहणार नाही.

या चारही गोष्टी फार खर्च न करता बदलता येतात. कक्ष ऑफिसच्या मजल्यावर न ठेवता ग्रंथालय, जिमखाना किंवा रीडिंग रूमजवळ ठेवावा, म्हणजे तिकडे जाणारे मूल कुठे चालले आहे हे कोणाला कळत नाही. वेळ दुपारच्या सुट्टीत आणि वर्ग सुटल्यानंतर ठेवावी. उघडे रजिस्टर बंद करून फोनवरून किंवा मेसेजवरून वेळ घेण्याची सोय करावी, आणि नोंद नावाऐवजी क्रमांकाने व्हावी. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे गुण देणारा आणि ऐकून घेणारा माणूस एकच नसावा. ज्याच्या हातात आपला निकाल आहे त्याच्यासमोर आपली कमजोरी मोठी माणसेही उघडी करत नाहीत.

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाने याहून पुढचे पाऊल टाकले. तिथे समुपदेशक ठरलेल्या वेळी आपल्या दवाखान्यातून उठून कॅम्पसमधल्या वेगवेगळ्या इमारतींत जाऊन बसू लागले. अपॉइंटमेंट नाही, फॉर्म नाही, मूल येते, थोडा वेळ बोलते आणि जाते. ‘लेट्स टॉक’ म्हणजे ‘चला, बोलू या’ असे त्याचे नाव. पुढे अनेक विद्यापीठांनी ही पद्धत उचलली. अशी भेट म्हणजे उपचार नाही, हे तिथे स्पष्ट सांगितलेले असते. पण एकदा बोलून पाहिलेल्या मुलाला दुसऱ्यांदा, रीतसर वेळ घेऊन जाणे सोपे पडते.

एवढ्या लांबचे उदाहरण नको असेल तर आपल्या विदर्भातलेच आहे. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम चालला. ‘विदर्भ स्ट्रेस अँड हेल्थ प्रोग्रॅम’ या इंग्रजी नावातून ते अक्षर-नाव तयार झाले, पण गावात ऐकू आला तो आपला ओळखीचा, थकल्या माणसाला हवाहवासा शब्द. गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी लोकांशी बोलायला सुरुवात केली. ज्याला गरज वाटली त्याची गाठ समुपदेशकाशी आणि त्याहून जास्त गरज असलेल्याची मनोविकारतज्ज्ञाशी घालून दिली. या कामाचा अभ्यास 2017 साली ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. कार्यक्रमाच्या सुरुवातीला नैराश्य असलेल्या शंभर माणसांपैकी जेमतेम चार जण कुठेतरी मदत मागायला जात होते. दीड वर्षांनंतर सत्तावीस जण जाऊ लागले.

या आकड्यांकडे दोन्ही बाजूंनी पाहायला हवे. चारावरून सत्तावीस ही मोठी वाढ आहे, आणि तरीही शंभरातले त्र्याहत्तर बाहेरच राहिले. पण जे आले ते का आले हे कॉलेजांनी समजून घेण्यासारखे आहे. तिथे लोकांना दवाखान्यात या म्हणून कोणी बोलावत बसले नाही. आपल्या बोलीत बोलणारा, गावातलाच माणूस आधी त्यांच्याकडे गेला. कॉलेजात हे काम वरच्या वर्गातली निवडक, प्रशिक्षण दिलेली मुले करू शकतात. त्यांनी समुपदेशन करायचे नसते. ऐकायचे, धीर द्यायचा आणि गरज वाटली तर सोबत दारापर्यंत जायचे, एवढेच त्यांचे काम. आमची ती मुलगी सांगत होती की, दारात माझ्यासोबत एक जरी मैत्रीण असती तरी मी आत गेले असते.

आता बदनामीच्या भीतीकडे येते. मुलींच्या घरी ही भीती ‘रिश्ता’ या एका शब्दात मावते. मुलांच्या बाबतीत ‘मर्द होऊन रडतोस?’ या प्रश्नात मावते. अमेरिकेतल्या 13 विद्यापीठांतल्या साडेपाच हजारांहून जास्त विद्यार्थ्यांचा एक अभ्यास 2009 साली प्रसिद्ध झाला. त्यात मुलांना दोन प्रकारे विचारले होते. उपचार घेणाऱ्या माणसाबद्दल लोक काय विचार करतात, आणि तुम्ही स्वतः काय विचार करता? मुलांच्या मते लोक अशा माणसाला बरेच कमी लेखतात. पण ‘मी कमी लेखेन’ असे म्हणणारी मुले त्या मानाने पुष्कळ कमी होती. याचा अर्थ वर्गातले प्रत्येक मूल इतरांना आहेत त्यापेक्षा कठोर समजून बसले होते. दुसरी गोष्ट अशी की, मदत घेण्यापासून अडवणारी भावना लोकांविषयीच्या अंदाजापेक्षा मुलाच्या स्वतःच्या मनातल्या मताशी जास्त जोडलेली दिसली. ज्याने मनात ‘असे लोक कमजोर’ असे ठरवलेले असते, तोच स्वतःवर वेळ आल्यावर जात नाही.

हे मत घरात तयार होते. नातेवाइकांत कोणी मनोविकारतज्ज्ञाच्या गोळ्या घेत असेल तर आपण त्याच्याविषयी जेवताना काय बोलतो, ते मूल ऐकत असते. पाच वर्षांनी स्वतःच्या बाबतीत तेच वाक्य त्याला आठवते. आपल्या दीनमध्ये दुसऱ्याच्या दुखण्यावर अशी चर्चा करण्याला गीबत म्हणतात, हे वेगळे सांगायला नको.

‘ईमान पक्के असेल तर टेन्शन येत नाही’ असेही काही घरांत ऐकू येते. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या जीवनात हजरत खदीजा (रजि.) आणि अबू तालिब यांच्या निधनाचे वर्ष दुःखाचे वर्ष म्हणूनच ओळखले जाते. दुःख होणे म्हणजे ईमान कमी असणे नव्हे. नवव्या-दहाव्या शतकातले अबू जैद अल-बल्खी यांनी ‘मसालिह अल-अब्दान वल-अन्फुस’ या ग्रंथात शरीराच्या आरोग्याइतकीच मनाच्या आरोग्याची स्वतंत्र चर्चा केली. भीती, राग, उदासी, मनात घोळत राहणारे विचार यांवर काय करावे हे त्यांनी वेगवेगळे लिहिले आहे. नमाज आणि दुआ आपल्या जागी, इलाज आपल्या जागी, हे आपल्या वडीलधाऱ्यांना हजार वर्षांपूर्वी कळत होते.

गुप्ततेचा प्रश्न मात्र फक्त घरच्या मतावर सोडता येणार नाही. मुलांना विचारायचे असते की, मी सांगितलेले अम्मी-अब्बूंना कळेल का, प्राचार्यांना कळेल का, प्लेसमेंटच्या वेळी कोणी काढेल का? याचे उत्तर कक्षाच्या दारावर लिहिलेले असावे. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात उपचार घेणाऱ्याची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिला आहे आणि उपचार करणाऱ्यांवर ती जबाबदारी टाकली आहे. कॉलेजने आपल्या समुपदेशकासाठीही तसाच लेखी नियम करावा. बैठकीत बोललेली गोष्ट ही अमानत असते, ही शिकवण आपल्या घरांना नवी नाही. मात्र या अमानतीला एक मर्यादा आहे, आणि ती मुलाला पहिल्याच भेटीत सांगितली पाहिजे. जिवाला धोका असेल, स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या, तर समुपदेशक गप्प राहू शकत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत पालकांना सामील करून घ्यावे लागते. हे आधी सांगितले तर विश्वास वाढतो, नंतर कळले तर कायमचा तुटतो.

भाषेचेही तसेच आहे. ज्या मुलीचे दुःख घरात उर्दूत किंवा आमच्या नागपुरी हिंदीत बोलले जाते, तिला ते इंग्रजी फॉर्मवर मांडता येत नाही. ‘घबराहट होती है’, ‘दिल बैठ जाता है’ हे ज्याला समजते त्याच्यासमोरच ती बोलेल. हिजाबविषयी, घरातल्या नियमांविषयी प्रत्येक गोष्ट आधी समजावून सांगावी लागणार असेल, किंवा घर सोडण्याचाच सल्ला मिळेल अशी भीती असेल, तर ती पुन्हा येणार नाही. कॉलेजला प्रत्येक समाजाचा समुपदेशक नेमणे जमणार नाही. पण मुलाने भाषा निवडावी आणि मुलीला हवी असेल तर स्त्री समुपदेशक मिळावी, एवढे जमण्यासारखे आहे.

एक गोष्ट मात्र समुपदेशनाच्या नावाखाली झाकली जाऊ नये. जळगावच्या तडवी भिल्ल समाजातल्या डॉ. पायल तडवी यांचा 22 मे 2019 रोजी मुंबईत नायर रुग्णालयाशी जोडलेल्या टोपीवाला वैद्यकीय महाविद्यालयात शिकत असताना मृत्यू झाला. वरिष्ठ सहकाऱ्यांकडून जातीवरून छळ झाल्याचा आरोप त्यांच्या कुटुंबाने केला आणि ते प्रकरण न्यायालयात गेले. छळ होत असेल तर मुलाला सहन करण्याची ताकद शिकवणे हा त्यावरचा इलाज नाही. तिथे तक्रार समिती लागते, चौकशी लागते. चांगला समुपदेशक ऐकून घेतो आणि ही तक्रार कुठे द्यायची तेही सांगतो. मुलांना ही दोन्ही दारे वेगवेगळी आणि दोन्ही उघडी दिसली पाहिजेत.

25 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने विशाखापट्टणममध्ये नीटची तयारी करणाऱ्या एका सतरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात देशभरच्या शिक्षणसंस्थांसाठी पंधरा मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असतील तिथे किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायचा. त्याहून लहान संस्थेने बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यायचे. कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यायचे. मदतीचे क्रमांक वसतिगृहात, वर्गात आणि वेबसाइटवर ठळक लावायचे. म्हणजे आता कॉलेजकडे सोय मागणे ही मेहेरबानी मागणे राहिलेले नाही.

आमच्या मुलीने शेवटी याच यादीतला एक क्रमांक वापरला. वसतिगृहातल्या मैत्रिणीने तिला 14416 हा टेली-मानसचा नंबर दिला. केंद्र सरकारने ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू केलेली ही सेवा चोवीस तास चालते, पैसे लागत नाहीत आणि मराठीत किंवा हिंदीत बोलता येते. घरात भिंतीला कान असल्यामुळे ती गच्चीवर गेली. पहिल्यांदा फोन उचलला गेला तेव्हा तिने घाबरून ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा केला. पलीकडच्या बाईंनी आधी झोपेविषयी विचारले, मग अभ्यासाविषयी, मग सरळ विचारले की जगू नये असे कधी मनात येते का. ती म्हणते, त्या प्रश्नाने मला धक्का बसला नाही, उलट सुटल्यासारखे वाटले. असा प्रश्न विचारल्याने मुलाच्या डोक्यात नसलेला विचार शिरेल ही भीती पालकांना असते, पण जाणकार लोक तो मुद्दाम स्पष्ट विचारतात. तिच्या मनात तसे नव्हते. चार-पाच आठवडे ती एका समुपदेशकाला भेटत राहिली. गोळ्या लागल्या नाहीत. समुपदेशक औषध लिहून देत नाही, गरज वाटली तरच मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवतो. राहिलेल्या दोन विषयांपैकी एक सुटला, एक अजून बाकी आहे. झोप आली.

ज्यांची मुले येत्या जून-जुलैत कॉलेजात जातील, त्यांनी प्रवेशाच्या दिवशी फी आणि हॉस्टेलबरोबर तीन प्रश्न विचारावेत. समुपदेशक पूर्ण वेळ आहेत की शिकवणारे प्राध्यापकच ते काम बघतात? गुप्ततेचा नियम लेखी आहे का? वेळ घेण्यासाठी मुलाला नाव कुठे लिहावे लागते? दहा पालकांनी हे विचारले तर अकराव्याच्या वेळेपर्यंत रजिस्टर टेबलावरून उठलेले असेल. आणि एखादे मूल ‘मी नसलो तर बरे’ असे बोलू लागले, आवडीच्या वस्तू वाटू लागले किंवा निरोप घेतल्यासारखे वागू लागले, तर कॉलेज उघडण्याची वाट पाहू नये. त्याला एकटे सोडू नये. 14416 ला फोन लावावा किंवा जवळच्या सरकारी रुग्णालयात घेऊन जावे, आणि वाटेत कोणी विचारले तर मुलाची तब्येत बरी नाही एवढेच सांगावे. ते खरेच असते.